तबला लागेपर्यंत बोलायचं

मोठीबाईंना कोणी विचारलं नव्हतं, इथूनच सगळं बिघडलं. विचारलं असतं तर त्या "छे, मला कुठे वेळ आहे" म्हणून मोकळ्या झाल्या असत्या आणि दिवाळीतला पहाटेचा गाण्याचा कार्यक्रम दरवर्षीसारखा निम्मा ऐकून, निम्मा पेंगून पार पडला असता. पण सोसायटीच्या सभेत निवेदन कोण करणार हा प्रश्न निघाला, सेक्रेटरींनी सगळ्या खुर्च्यांवरून नजर फिरवली आणि मोठीबाईंच्या खुर्चीवरून ती अशी उडी मारून गेली, जशी ओल्या फरशीवरून माणसं मारतात.

दरवर्षीचे निवेदक म्हणजे निवृत्त हेडमास्तर. त्यांनी यंदा नवी कवळी बसवली होती आणि ती शिट्टी वाजवायची. 'सुरेल सकाळी सर्व रसिकांचं स्वागत' एवढं ते सभेत म्हणून दाखवायला गेले, तर खालच्या रखवालदाराला वाटलं आपल्यालाच बोलावतायत. तो वर आला.

"मी बोलेन," मोठीबाई म्हणाल्या.

तळमजल्यावरच्या डॉक्टरीणबाई चाचरत म्हणाल्या, "पण मोठीबाई, ते लिहिलेलं असतं. वाचायचं असतं."

"मग? वाचता येत नाही की काय मला? चौथी झालेय मी, आणि ती चौथी तुमच्या आत्ताच्या पदवीइतकी होती."

यावर कोण बोलणार? या बाईंनी एकदा पाण्याच्या टँकरवाल्याला असं झापलं होतं की तो पाणी न सोडता निघाला आणि कोपऱ्यावरून परत येऊन दुप्पट सोडून गेला. ठराव एकमताने पास झाला. भीतीलाही कागदावर एकमतच म्हणतात.

घरी आल्यावर यजमान फक्त एवढंच म्हणाले, "घड्याळाप्रमाणे बोलावं लागतं म्हणे." बेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी याहून मोठी सूचना केली नव्हती. तीही फुकट गेली.

संहिता लिहायचं काम सूनबाईंकडे आलं. ती टेलिफोनच्या ऑफिसात नोकरीला, अक्षर मोत्यासारखं, बोलणं मोजकं. या कार्यक्रमात ती एक गाणं गाणार होती. अकरा वर्षांत पहिल्यांदाच. आणि बहुधा शेवटचंच, कारण तिच्या नवऱ्याच्या बदलीचा हुकूम आलेला होता, मार्चात बिऱ्हाड हलणार होतं. ती गाणार हे मोठीबाईंना माहीत होतं, पण गाणं म्हणजे मुलांच्या गर्दीत उभं राहून ओठ हलवणं अशी त्यांची समजूत. त्यांनी खोलात विचारलं नव्हतं. त्यांना खोलात जायला आवडे, पण दुसऱ्यांच्या घरच्या.

सूनबाईंनी एक मोठा कागद काढला आणि वरून खाली लिहिण्याऐवजी खालून वर लिहायला सुरुवात केली.

"हे काय गं? कागद उलटा धरलास का?"

"नाही आई. सूर्य उगवायची वेळ पक्की, ती आपल्या हातात नाही. म्हणून ती खाली लिहायची आणि तिथून मागे मागे यायचं. उगवतीचं गाणं सहा मिनिटांचं. त्याच्या आधी तुमचं निवेदन. त्याच्या आधी बासरी. असं करत सहा वाजेपर्यंत."

"सहालाच का? पहाट म्हणायचं आणि सहाला सुरू?"

तो पोलीस चौकीचा प्रताप होता. सेक्रेटरी परवानगीचा अर्ज घेऊन तीनदा गेले. पहिल्यांदा साहेब जेवायला, दुसऱ्यांदा शिक्का कपाटात आणि कपाटाची किल्ली साहेबांच्या घरी, तिसऱ्यांदा साहेब, शिक्का, किल्ली सगळे एकत्र भेटले तेव्हा हुकूम मिळाला : सहाच्या आधी भोंगा लागला तर भोंगा आणि सेक्रेटरी दोघेही चौकीत. सेक्रेटरी रक्तदाबाचे. त्यामुळे सहा म्हणजे सहा.

मग सूर्याचा वाद निघाला. एका कॅलेंडरात सहा अडतीस, दुसऱ्यात सहा एक्केचाळीस, डॉक्टरीणबाईंच्या मोबाइलमध्ये सहा एकोणचाळीस. सेक्रेटरी म्हणाले, मध्यमार्ग काढू. जणू सूर्य म्हणजे पार्किंगची जागा. वरच्या मजल्यावरचे निवृत्त सर्व्हेअर म्हणाले की कॅलेंडर जिथलं धरून छापतात तिथला तो सूर्य, गाव पूर्वेला-पश्चिमेला सरकलं की चार-चार मिनिटांचा फरक पडतो. त्यांनी ते समजावायला टेबलावर संत्रं फिरवलं. संत्रं घरंगळून खाली गेलं आणि चर्चाही.

"तुम्ही सगळे कागदात सूर्य शोधा," मोठीबाई म्हणाल्या. "अहो, मी तीस वर्षं त्या मैदानाच्या दोरीवर कपडे वाळत घालतेय. उन्हाळ्यात तो गिरणीच्या चिमणीच्या डावीकडून येतो. दिवाळीला उजवीकडे सरकतो, पाण्याच्या टाकीमागे. कॅलेंडरात उगवला तरी आपल्या मैदानात तो टाकीवर चढल्याशिवाय येत नाही. सहा बावन्नला टाकीच्या कठड्यावर पहिलं ऊन. लिहून घ्या."

दुसऱ्या दिवशी पहाटे पाच जण मैदानात उभे राहिले, सर्व्हेअर घड्याळ घेऊन. सहा एकावन्न झाले, आभाळ उजळ, पण सूर्य नाही. सहा बावन्नला टाकीच्या कठड्यावर सोन्याची रेघ उमटली. सर्व्हेअरांनी टोपी काढली. तेवढ्यावरून पुढचे चार दिवस मोठीबाई अशा चालत होत्या, जणू सूर्य त्यांच्या परवानगीनेच येतो.

थोडं गर्वाचं खतपाणी मिळालं की माणूस किती वाढतो याला काही माप नाही.

तर वेळापत्रक ठरलं. सहाला स्वागत आणि दीपप्रज्वलन, तीन मिनिटं. मग गायनमास्तरांचा ललत, चौदा मिनिटं, कारण तो उजाडायच्या आधीचाच राग. मग मुलांची प्रार्थना. मग बासरीवर जोगिया. सहा बेचाळीसला सूनबाईंच्या गाण्याचं निवेदन, सहा पंचेचाळीसला गाणं सुरू, सहा एकावन्नला शेवटची ओळ, आणि टाळ्या थांबतात न थांबतात तोच टाकीवर ऊन. पाठोपाठ पाहुण्या गायकांची तोडी, सहा पंचावन्नला. ती एक मिनिटही पुढे जायची नाही, कारण पाहुण्यांना आठ वाजता दुसऱ्या वसाहतीत गायचं होतं. दिवाळीच्या सकाळी चांगला गायक म्हणजे भाड्याची गाडी, एक उतरवला की दुसरा चढतो.

सूनबाईंचं गाणं भटियारात होतं. गाण्यातली बाई उगवायला आलेल्या सूर्याला म्हणते की बाबा रे, जरा थांब, अजून माझा दिवा तेवतोय, अजून मी दार उघडलेलं नाही. म्हणजे ते सूर्य यायच्या आधीच म्हणायचं. तो आल्यावर त्याला थांब म्हणणं म्हणजे पाहुणा पाटावर बसल्यावर 'या या' म्हणण्यासारखं.

निवेदनांचे कागद सूनबाईंनी जाड पुठ्ठ्यांवर ठळक अक्षरात लिहून दिले. समासात वेळ. प्रत्येकाच्या शेवटी लाल रेघ.

"ही रेघ कसली?"

"इथे थांबायचं. आणि तबलजींकडे बघायचं."

"का? तो काय देखणा आहे?"

सूनबाई हसली. ती अशी हसे की आवाज येत नसे. "आई, मास्तरांचा सूर खालचा, माझा वरचा. गाणारं बदललं की तबला बदलावा लागतो, तो सुरात लावावा लागतो, तंबोऱ्याच्या तारा पुन्हा मिळवाव्या लागतात. त्याला दोन-तीन मिनिटं लागतात. तेवढा वेळ लोकांना नुसतं ठोकणं ऐकवायचं नाही, म्हणून निवेदन. तबला लागला की तबलजी मान हलवतील. मान हलली की तुम्ही बस."

"म्हणजे मी बोलायचं ते त्याचा हातोडा झाकायला?"

"तसंच काहीसं."

हा मोठीबाईंना अपमान वाटला. पन्नास माणसांच्या कार्यात बायकांना रांगेने बसवणारी बाई, आणि तिचं काम काय, तर हातोडा झाकणं! सगळ्या इमारतीने सल्लेही दिले. हेडमास्तर म्हणाले, "प्रसंग पाहून शब्द फुलवा," आणि 'शब्द' म्हणताना एवढी शिट्टी वाजली की त्यांनी पुढचं हाताने दाखवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या माइकपासून चार बोटं लांब. सर्व्हेअर म्हणाले मिनिटाला शंभर शब्द, त्याहून जास्त नाही. यजमान रोज संध्याकाळी मनगटी घड्याळ घेऊन बसत आणि मोठीबाई पाठ म्हणत. वाचायला त्यांना जडच जाई, म्हणून सगळंच पाठ केलं. पाठांतर असं चोख की बासरीवाल्याच्या निवेदनात एक शब्द इकडचा तिकडे झाला तर त्या पुन्हा पहिल्यापासून म्हणत. रेघेपाशी मात्र थांबत. नेमक्या. यजमानांनी तोंड भरून, म्हणजे भुवई उंचावून, कौतुक केलं.

एकच पुठ्ठा त्यांना खटकला. मास्तरांना सहा ओळी, बासरीवाल्याला पाच, मुलांना चार. आणि उगवतीच्या गाण्याला दोन. 'आता ऐकू या भटियार रागातलं उगवतीचं गाणं.' गाणारीचं नावसुद्धा नाही.

"हे काय? आमच्या घरचं माणूस आणि दोनच ओळी?"

"लिहिणारी मीच ना आई. स्वतःबद्दल काय लिहायचं?"

इथे खरं तर गोष्ट संपायला हवी होती. पण कार्यक्रमाच्या चार दिवस आधी मोठीबाई छत्री द्यायला म्हणून गायनमास्तरांच्या खोलीवर गेल्या. अवेळी पाऊस लागला होता आणि सूनबाई तालमीला गेली होती. जिना चढताना त्यांना आवाज ऐकू आला. त्या पायरीवर थांबल्या. घरचा रेडिओ त्या चालता चालता ऐकत, पण हे ऐकताना पाय उचलेना. आवाज स्वच्छ होता, जरा जाडसर, आणि 'थांब' या शब्दावर असा रेंगाळत होता की कुणीही थांबलं असतं.

मास्तर खोलीच्या दारातच उभे होते. मोठीबाईंनी कुजबुजत विचारलं, "कोण हो ही? बाहेरून बोलावलीत?"

मास्तर म्हणाले, "मोठीबाई, तुमचीच सून."

छत्री त्यांनी दाराला टेकवली आणि भिजत घरी आल्या.

रात्रीचं आवरल्यावर त्यांनी सूनबाईंना विचारलं. आवाज नेहमीसारखाच ठेवला, म्हणजे फटकन. "गातेस, ते कधी सांगितलं नाहीस?"

"सांगितलं होतं आई. लग्नानंतर पहिल्याच सकाळी. खिडकीशी बसून गात होते. तुम्ही म्हणालात, इथे सकाळी कामं असतात, मैफल नसते."

"मी म्हणाले?"

"हो."

"मग? मी दिवसाला शंभर गोष्टी म्हणते! माणसाने काय सगळ्याच ऐकायच्या?"

"मी नवी होते. मला माहीत नव्हतं कुठली सोडायची."

एवढं बोलून ती पाण्याची भांडी भरायला गेली. रागावली असती तर बरं झालं असतं, मोठीबाईंना भांडण लढवता येई. पण ती रागावलेली नव्हती. तिने नुसता हिशोब सांगितल्यासारखं सांगितलं होतं.

त्या रात्री मोठीबाई कूस बदलत राहिल्या. माफी मागणं हा प्रकार त्यांच्या घराण्यात नव्हता. त्यांची आई चुकली की जास्त मोठ्याने बोले, आजी चुकली की भांडी आपटे. कान धरून 'चुकलं बाई' म्हणायचं आणि तेही सुनेला, या वयात? जीभ वळली नसती. पण माइक होता ना. सगळ्या वसाहतीसमोर, मानाने, चार चांगले शब्द सांगितले की झालं. घरात वाकायला नको आणि बाहेर कमीपणा नको. मोठीबाईंना ही युक्ती फार आवडली. आपल्याला आवडलेली युक्ती माणसाने दुसऱ्याला विचारून घ्यावी, पण विचारतो कोण.

कार्यक्रमाचा दिवस उजाडला, म्हणजे उजाडायचा होता. मैदानात सतरंज्या, खुर्च्या, पणत्यांची रांग. माणसं शाली लपेटून बसलेली. सेक्रेटरी चौकीच्या परवानगीचा कागद खिशात घेऊन, दर दोन मिनिटांनी चाचपून बघत. सहाचा ठोका पडला आणि मोठीबाईंनी स्वागत केलं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. लोक चकित. समईच्या वाती वाऱ्याने दोनदा विझल्या, दोन मिनिटं तिथे गेली. ललत जराही लांबला नाही, पण मुलांच्या प्रार्थनेतल्या एका चिमुरडीने मध्येच आईला हाक मारली आणि सगळं पहिल्यापासून म्हणावं लागलं. बासरीवाला मात्र जाणता माणूस. त्याने घड्याळ पाहिलं, एक आवर्तन कमी केलं आणि गेलेली मिनिटं परत दिली. बरोबर सहा बेचाळीसला जोगिया संपला. सर्व्हेअर खुर्चीवरून सेक्रेटरींना म्हणाले, "काट्यावर!"

मोठीबाई माइकपाशी आल्या. मागे तबलजीने एक तबला बाजूला सारून दुसरा पुढे घेतला आणि हातोडी चालवायला सुरुवात केली. सूनबाई निळ्या साडीत तंबोरा घेऊन बसली. मोठीबाईंनी हातातल्या पुठ्ठ्याकडे पाहिलं. दोन ओळी आणि लाल रेघ. त्यांनी पुठ्ठा खाली ठेवला, चष्मा काढून पुसला आणि पदरात खोचला.

"आता जी गाणार आहे," त्या म्हणाल्या, "ती आमची सून."

टाळ्या पडल्या. टाळ्या फार वाईट. पहिला घास गोड लागला की माणूस पोट विसरतो.

"ही आमच्या घरी आली तेव्हा तेवीस वर्षांची होती. हातात एक बॅग आणि गळ्यात हा सूर. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून खिडकीशी बसून गायला लागली. आणि मी काय म्हणाले असेन? तुम्हीच सांगा. तुम्ही मला ओळखता."

हशा पिकला. पुढच्या रांगेतल्या बायकांनी माना हलवल्या. तबलजीचीही मान हलली, तबला लागला होता. पण मोठीबाई त्याच्याकडे बघत नव्हत्या, आणि बघितलं असतं तरी चष्मा पदरात होता.

मग त्यांनी ते वाक्य सांगितलं. खिडकी, सकाळ, मैफल. सांगताना स्वतःलाच दोन शब्द सुनावले, लोक हसले. मग म्हणाल्या की आम्ही बायका कशा असतो, आम्हाला भांड्याचा आवाज चालतो, गाण्याचा नाही. बायका हसल्या आणि मग हसायच्या थांबल्या. मग त्या त्यांच्या स्वतःच्या सासूकडे वळल्या, तिथून सासूच्या तापट स्वभावाकडे, तिथून स्वतःच्या तीस वर्षांच्या दोरीकडे. सूर्य कसा चिमणीवरून टाकीकडे सरकतो तेही आलं. माणसं रंगली होती. रंगलेली माणसं समोर असली की बोलणाऱ्याला रस्ता कळत नाही. आणि खरं सांगायचं तर मोठीबाईंना अजून मुख्य शब्द सापडलाच नव्हता. 'चुकलं' हा शब्द. तो त्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी म्हणणार होत्या आणि प्रत्येक वाक्य संपेपर्यंत नवं वाक्य येत होतं.

रंगमंचाच्या कडेला सेक्रेटरींनी दोन बोटं दाखवली. मग एक. मग दोन्ही हात हलवले.

"सेक्रेटरी," मोठीबाई माइकमधून म्हणाल्या, "हात खाली करा. थंडीत असे हात वर केले की खांदे धरतात."

सगळं मैदान हसलं. सेक्रेटरींनी रक्तदाबाची गोळी काढली. यजमान तिसऱ्या रांगेत घड्याळावर बोट ठेवून उभे राहिले. त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा गर्दीत उभं राहून काही दाखवलं आणि तेही बायकोने पाहिलं नाही. सूनबाईंनी तंबोऱ्याच्या तारांवरून हात फिरवला, हळूच, त्यांना ऐकू जावं म्हणून. मोठीबाईंना वाटलं, साथ मिळाली. त्यांचा आवाज चढला.

"अकरा वर्षं ही गायली नाही. एकदासुद्धा नाही. आणि मी, हिच्या आवाजाची सवय असलेली मी, मला वाटायचं हिला आवाजच नाही! पोरीने एका वाक्यावर गाणं मिटून ठेवलं, आणि मी पुन्हा कधी विचारलं नाही, मिटून ठेवलंस ते काय. हे चुकलं माझं. तुमच्यासमोर सांगते, चुकलं."

कुणीतरी नाक ओढलं. आणि तेवढ्यात पुढच्या रांगेतला मुलगा ओरडला, "टाकी! टाकी बघा!"

सगळ्यांनी माना वळवल्या. टाकीच्या कठड्यावर सोन्याची रेघ. सहा बावन्न. ऊन कठड्यावरून ओघळलं, चिमणीपाशी आलं, मैदानात उतरलं, तबल्याच्या पांढऱ्या चामड्यावर पडलं.

लोकांना वाटलं हे सगळं असंच ठरलेलं होतं. निवेदन संपायला आणि सूर्य यायला गाठ पडली! असा टाळ्यांचा कडकडाट झाला की पणत्या हलल्या. हेडमास्तर उभे राहिले आणि त्यांनी शिट्टी वाजवली. यावेळी मुद्दाम. मोठीबाईंनी हात जोडले, डोळे पुसले, समाधानाने मागे वळल्या.

सूनबाई तंबोरा खाली ठेवत होती.

गायनमास्तर तिच्याजवळ वाकून काही बोलले. तिने मान हलवली. ते माइकपाशी आले. "पाहुण्यांना पुढे जायचं आहे, म्हणून आता तोडी," एवढंच म्हणाले. पाहुणे गायक येऊन बसले. तबलजीने पुन्हा पहिला तबला पुढे घेतला आणि हातोडी चालवायला लागला. या वेळेला निवेदन नव्हतं. ठोकणं सगळ्यांना ऐकू येत होतं.

मोठीबाई खुर्चीवर बसल्या. आधी त्यांना कळलंच नाही. मग त्यांनी टाकीकडे पाहिलं, मग सूनबाई मघाशी बसली होती त्या जागेकडे, मग पायाशी पडलेल्या पुठ्ठ्याकडे. दोन ओळी, लाल रेघ.

तोडी फार चांगली झाली म्हणतात.

कार्यक्रम संपल्यावर मोठीबाईंभोवती गर्दी जमली. डॉक्टरीणबाईंनी गळामिठी घातली. "रडवलंत हो!" सर्व्हेअर म्हणाले, एवढं अचूक टायमिंग त्यांनी यंत्रातही पाहिलं नाही. पुढच्या वसाहतीचे अध्यक्ष येऊन विचारून गेले की आमच्याकडे बोलाल का. सेक्रेटरींनी फुलांचा गुच्छ दिला, जो खरं तर उगवतीच्या गायिकेसाठी आणलेला होता. मोठीबाई कुणाला 'थांबा' म्हणू शकल्या नाहीत. इतक्या टाळ्यांत 'अहो, माझ्यामुळे तिचं राहिलं' हे सांगायला तोंड उघडलं की लोक म्हणायचे, "बघा, किती मोठं मन!"

गर्दीच्या फटीतून त्यांना सूनबाई दिसली. यजमानांच्या हातून सतरंजीचं एक टोक घेऊन ती घडी घालत होती.

घरी आल्यावर मोठीबाईंनी गुच्छ नेऊन तिच्यासमोर ठेवला. "हा तुझा."

"तुम्हाला दिलाय आई."

"चुकून दिलाय. इतकं सगळं चुकून झालंय, त्यात हेही." त्या खुर्चीत बसल्या. "उद्या पहाटे गच्चीवर चल. मी चष्मा लावून बसते, तोंड शिवून बसते. तू म्हण."

"उद्या माझी ऑफिसात सकाळची पाळी आहे."

"परवा."

सूनबाई समोर बसली. रागाने नाही. दमलेल्या माणसाने बसावं तशी.

"आई, तुम्ही बोललात ते मला फार आवडलं. खरंच. माझ्याबद्दल इतकं कुणी बोललं नव्हतं. पण ते घरात बोलायला आपल्याकडे अकरा वर्षं होती. गायला मला सहाच मिनिटं होती."

मोठीबाईंनी पदरातला चष्मा काढला, पुसला आणि डोळ्यांवर चढवला.

सूनबाई उठली, पदर खोचला, सकाळचे चहाचे कप विसळायला नळ सोडला. बाहेर ऊन चांगलंच वर आलं होतं. मोठीबाई खुर्चीतच बसून राहिल्या आणि बऱ्याच वेळाने त्यांच्या लक्षात आलं की नळाच्या आवाजाखाली काही गुणगुणणं ऐकू येतंय का, हे त्या कान देऊन ऐकत होत्या. नळच वाहत होता.